टाचणात ‘समजेल’, शेऱ्यात ‘साध्य’, आणि कसोटीत मुलं अडलेली: पाठाचं उद्दिष्ट कसं दुरुस्त करायचं

तक्रार बहुतेक शिक्षकांच्या ओळखीची असेल. टाचणात उद्दिष्ट असतं, ‘विद्यार्थ्यांना नकाशाचे प्रमाण समजेल’. तास रंगतो, मुलं हात वर करतात, फळ्यावरचं उदाहरण सगळी मिळून सोडवतात. घरी जाण्याआधी शेवटच्या रकान्यात ‘उद्दिष्ट साध्य’ असा शेरा लिहून वही बंद होते. दोन-तीन आठवड्यांनी एकम कसोटी येते, तिच्यात एक नकाशा असतो, आणि दोन ठिकाणांमधलं अंतर काढताना वर्गातली बरीच मुलं अडतात. मग पाठ पुन्हा घेतला जातो, पण टाचणात पुन्हा तेच वाक्य आणि खाली पुन्हा तोच शेरा. पुढच्या वर्षी मुलं बदलतात, वाक्य तसंच राहतं.

शिकवणं कमी पडलं असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा मूळ दुखणं त्या एका वाक्यात असतं. ‘समजेल’ हे मुलाच्या डोक्यात घडतं आणि शिक्षकाला दिसतो तो फक्त कागद, आवाज किंवा हात. जे दिसतच नाही त्याच्यासमोर ‘साध्य’ लिहायचं तर अंदाजाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. ‘माहिती होईल’, ‘जाणीव होईल’, ‘ओळख होईल’, ‘परिचित होतील’ ही सगळी त्याच घरातली क्रियापदं आहेत.

माझी भाची वडोदऱ्यातल्या एका शाळेत सहावीला सामाजिक विज्ञान शिकवते. नकाशाच्या पाठावर ती अगदी अशीच अडली होती आणि वही घेऊन माझ्याकडे दांडिया बाजारात आली. त्या एका उद्दिष्टाची दुरुस्ती आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत केली. तीच इथे मांडते, कारण एक उद्दिष्ट नीट उघडून पाहिलं की बाकीची करायला फार शिकावं लागत नाही.

आधी बिघाड आहे का ते पाहा

वाक्य बिघडलेलं आहे की नाही हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. त्याच मुलाची तीच वही दोन शिक्षकांना वेगवेगळी द्यायची आणि विचारायचं, ‘या मुलाला हे उद्दिष्ट जमलं का?’ दोघांचं उत्तर एकच आलं तर वाक्य कामाचं आहे. एकजण ‘हो, जमलंय’ म्हणतो आणि दुसरा ‘मला नाही वाटत’ म्हणतो, तर वाक्यात मोजण्यासारखं काही नाही.

भाचीच्या मूळ वाक्यावर हे लगेच दिसलं. तिने एका मुलीची वही दाखवली. त्यात लिहिलं होतं, ‘नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांच्या गुणोत्तराला प्रमाण म्हणतात.’ भाची म्हणाली, “हिला समजलंय.” मी म्हटलं, “मला या वाक्यावरून एवढंच दिसतं की हिने पुस्तकातलं वाक्य नीट उतरवलंय.” आम्हा दोघींच्याही म्हणण्यात तथ्य होतं आणि निवाडा करायला उद्दिष्टात काहीच नव्हतं.

यादीतून क्रियापद उचलणं ही अर्धीच दुरुस्ती

इथे बहुतेक जण ब्लूमची यादी काढतात. ती प्रत्येक बी.एड.च्या वहीत असते. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांची वर्गवारी मांडली, २००१ मध्ये तिची सुधारित मांडणी आली, आणि तिच्यासोबत क्रियापदांच्या लांबलचक याद्या सगळीकडे पसरल्या. भाचीनेही तेच केलं होतं. ‘समजेल’ खोडून तिने लिहिलं, ‘विद्यार्थी नकाशाचे प्रमाण स्पष्ट करतो’.

दिसायला हे बरं दिसतं, पण वहीची कसोटी लावा. ती मुलगी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवेल आणि ते ‘स्पष्ट करणं’ धरलं जाईल. मग तिने लिहिलं, ‘प्रमाणाची व्याख्या सांगतो’. आता दोन शिक्षकांचं एकमत होईल यात शंका नाही, कारण व्याख्या बरोबर की चूक हे कोणीही सांगेल. पण ज्यासाठी पाठ घेतला ते या वाक्यातून निसटलं. कसोटीत मुलं व्याख्येवर अडलीच नव्हती, ती अडली होती नकाशावर पट्टी ठेवल्यावर.

हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. मोजता येईल असं क्रियापद शोधण्याच्या नादात आपण मोजायला सोपं तेच उद्दिष्ट करून टाकतो. ‘समजेल’ निदान मोठं काहीतरी मागत होतं. ‘व्याख्या सांगतो’ने मागणीच लहान केली. असं वाक्य नजरेखालून जाताना कोणी अडवत नाही, कारण त्यात यादीतलं क्रियापद असतं.

यादी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण ती हातात घेण्याची वेळ नंतरची आहे. एकच क्रियापद दोन निरनिराळ्या पातळ्यांवर बसतं. पुस्तकातलंच चित्र दाखवून ‘ओळखतो’ म्हटलं तर ते स्मरण असतं, आणि कधी न पाहिलेल्या नकाशात ‘ओळखतो’ म्हटलं तर ते उपयोजन होतं. मुलासमोर काय ठेवलं आहे हे सांगितल्याशिवाय क्रियापदाला वजन येत नाही.

क्रियापदाआधी प्रश्न लिहा

म्हणून आम्ही वही मिटली आणि कोऱ्या कागदावर एकच गोष्ट लिहिली. तास संपायला सात-आठ मिनिटं असताना मुलासमोर कोणता प्रश्न ठेवला तर त्याच्या उत्तरावरून आपल्याला खात्री होईल?

भाचीने फार विचार न करता सांगितलं, “आपल्या गावाचा नकाशा द्यायचा आणि स्टेशनापासून मांडवीपर्यंतचं अंतर काढायला सांगायचं.” हाच तो प्रश्न. पाठाचा जीव कशात आहे हे शिक्षकाला माहीत असतं. उद्दिष्ट लिहायला बसल्यावर मात्र ते बाजूला पडतं आणि रकाना भरायची भाषा सुरू होते.

नकाशा तिच्याकडे होता, १:५०,००० या प्रमाणाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे बरेचसे स्थलनिर्देशक नकाशे याच प्रमाणात असतात, त्यामुळे मुलांनी त्याची सवय करून घेतलेली चांगली. या प्रमाणात नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, म्हणजेच ५०० मीटर. तिच्या प्रतीवर रेल्वे स्टेशनच्या खुणेपासून मांडवीच्या खुणेपर्यंत फूटपट्टीने ६ सेंटिमीटर भरले. उत्तर आलं ३ किलोमीटर.

तेवढ्यात तिच्याच लक्षात आलं, “मावशी, पण रिक्षाने जाताना तीनच्या वर जातं. कोणीतरी हमखास म्हणेल की बेन, आमच्या घरून तर जास्त होतं.” आणि ते मूल चूक नसेल. रस्ता वळणं घेत जातो, पट्टी घेत नाही. म्हणजे प्रश्नात ‘सरळ रेषेतलं’ हा शब्द हवाच. प्रश्न आधी लिहिल्याचा फायदा हा असा होतो. उद्दिष्टात कोणती अट घालायची ते डोकं खाजवून शोधावं लागत नाही, मुलाच्या संभाव्य उत्तरातून ती आपोआप पुढे येते.

आता त्या प्रश्नावरून उद्दिष्ट उतरवणं सोपं झालं. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले होते आणि मला अजून त्यापेक्षा सोयीचं काही मिळालेलं नाही: मूल काय करताना दिसेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि किती बरोबर आलं म्हणजे चालेल. पहिले दोन भाग आम्हाला प्रश्नातूनच मिळाले. ‘१:५०,००० प्रमाणाचा, आधी न वापरलेला नकाशा आणि फूटपट्टी दिली असता, विद्यार्थी दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर मोजून ते किलोमीटरमध्ये काढतो.’

‘आधी न वापरलेला’ हे शब्द सोडू नका. फळ्यावर सोडवलेलीच जोडी पुन्हा विचारली तर मुलं उत्तर आठवून लिहितात. वर्गात स्टेशन ते मांडवी सोडवलं असेल तर चिठ्ठीवर कमाटीबाग ते न्यायमंदिर द्या, किंवा गावच बदला.

‘किती बरोबर’ हा आकडा कुठून आणायचा

तिसऱ्या भागात बहुतेक टाचणांत ‘८० टक्के अचूकतेने’ असं लिहिलेलं असतं. का ८०? विचारलं तर उत्तर मिळत नाही. एका अंतराच्या उत्तरात ८० टक्के अचूक म्हणजे काय? ३ किलोमीटरच्या जागी २.४ चालेल का? तसं चालवलं तर ज्या मुलाने पट्टी भलतीकडेच ठेवली तेही पास होईल.

आकडा साधनातून काढावा. फूटपट्टीवर सगळ्यात बारीक खूण १ मिलिमीटरची असते. सहावीच्या मुलाचा हात दोन्ही टोकांना मिळून १ ते २ मिलिमीटर इकडेतिकडे होणं रास्त आहे, शिवाय नकाशावरची खूण स्वतःच एखादा मिलिमीटर रुंद असते. या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दोन मिलिमीटरची सूट दिली तर १०० मीटर होतात. म्हणजे २.९ ते ३.१ किलोमीटरमधलं कुठलंही उत्तर बरोबर धरायचं, त्याबाहेरचं नाही. या आकड्याला कारण आहे, आणि ते पालकांनी विचारलं तरी एका वाक्यात सांगता येतं.

विषय बदलला की आकड्याचा उगमही बदलतो. शुद्धलेखनात साधन नसतं, तिथे ‘दहा ओळींच्या परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीनपेक्षा जास्त चुका नाहीत’ असं म्हणता येईल आणि तो तीनचा आकडा मागच्या वह्या पाहून ठरवावा लागेल. पण आकडा कुठून आला हे स्वतःला सांगता आलं पाहिजे.

इथे आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘८० टक्के’ हे मुलाबद्दल आहे की वर्गाबद्दल? ‘विद्यार्थी ५ पैकी ४ अंतरं बरोबर काढतो’ ही मुलाची अट. ‘वर्गातल्या ८० टक्के मुलांना हे जमलं तर पुढच्या पाठाकडे जाईन’ हा शिक्षकाचा निर्णय. दोन्ही गोष्टी हव्यात, पण दुसरी उद्दिष्टाच्या वाक्यात घालू नये. तिथे ती आली की न जमलेली मुलं वाक्यातच नाहीशी होतात. वर्ग ‘साध्य’ ठरतो आणि ती सहा-सात मुलं कोण होती ते कुठेच लिहिलं जात नाही.

चिठ्ठ्या तपासताना कळलेला दुसरा बिघाड

भाचीने तासाच्या शेवटी प्रत्येकाला पाव कागद दिला, प्रश्न फळ्यावर लिहिला आणि चिठ्ठ्या गोळा केल्या. नाव, उत्तर, आणि उत्तरापर्यंत कसं पोहोचलो ते दोन ओळींत. बरोबर उत्तरांचा गठ्ठा बाजूला ठेवल्यावर चुकलेल्या उत्तरांचे गठ्ठे आपोआप वेगळे पडले, कारण प्रत्येक चूक आपलं कारण सोबत घेऊन आली होती. त्या चिठ्ठीवर आम्ही पुन्हा ६ सेंटिमीटर अंतराचीच नवी जोडी ठेवली होती, त्यामुळे बरोबर उत्तर याही वेळी ३ किलोमीटरच होतं.

काहींनी ‘६ किलोमीटर’ लिहिलं होतं. त्यांनी सेंटिमीटरलाच किलोमीटर म्हटलं, प्रमाणाकडे पाहिलंच नाही. ‘३० किलोमीटर’ आणि ‘३०० किलोमीटर’ लिहिणाऱ्यांनी प्रमाण वापरलं होतं, पण सेंटिमीटरचे किलोमीटर करताना शून्यं निसटली. कोणी ‘३,००,००० सेंटिमीटर’ लिहून थांबलं होतं. ते चूक नाही, फक्त विचारलेल्या एककापर्यंत पोहोचलेलं नाही.

आणि एक गठ्ठा होता ‘३.५ किलोमीटर’चा. तो हातात घेऊन आम्ही थोडा वेळ बसलो. साडेतीन म्हणजे ७ सेंटिमीटर. सगळ्यांनी ७ कसे मोजले? भाची दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या बाकाशी जाऊन उभी राहिली आणि त्यांना मोजायला सांगितलं. त्यांनी पट्टीवरचा १ पहिल्या खुणेवर ठेवला, ० नाही. मोजणी एकापासून सुरू होते या हिशेबाने. या मुलांना प्रमाण पूर्ण कळलं होतं, त्यांचा गुणाकार आणि एककं दोन्ही बरोबर होती. बिघडलं होतं ते पट्टी धरणं.

आता आमच्या नव्या, नीटनेटक्या उद्दिष्टातही एक बिघाड दिसला. ‘मोजून काढतो’ या एका वाक्यात दोन कौशल्यं होती: पट्टीने मोजणं आणि प्रमाणाने रूपांतर करणं. उत्तर चुकलं की कोणतं कौशल्य चुकलं हे वाक्य सांगत नव्हतं. त्या गठ्ठ्यातल्या मुलांसमोर प्रमाणाचा पाठ पुन्हा घेतला असता तर तो वाया गेला असता, आणि पुढच्या कसोटीत ती पुन्हा साडेतीनच लिहून आली असती. ‘पुन्हा शिकवलं तरी येत नाही’ अशी तक्रार जिथे असते तिथे मी आधी हेच पाहते की एका क्रियापदात दोन कामं कोंबली आहेत का.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. मोजमाप परिस्थितीत टाकून द्यायचं: ‘दोन ठिकाणांमध्ये नकाशावर ६ सेमी अंतर आहे असे दिले असता, प्रत्यक्ष अंतर किलोमीटरमध्ये काढतो.’ मग फक्त प्रमाण तपासलं जातं. किंवा मोजमाप ठेवायचं, पण मुलाने दोन आकडे वेगळे लिहायचे, आधी नकाशावरचे सेंटिमीटर आणि मग जमिनीवरचे किलोमीटर. भाचीने दुसरा मार्ग घेतला, कारण तिच्या वर्गात पट्टीचीच अडचण उघडी पडली होती. तिच्या वहीत आता असं आहे:

‘१:५०,००० प्रमाणाचा, वर्गात न वापरलेला नकाशा व फूटपट्टी दिली असता, विद्यार्थी दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून लिहितो (२ मिमीपर्यंत फरक चालेल) आणि त्या मापावरून प्रत्यक्ष अंतर किलोमीटरमध्ये काढतो (लिहिलेल्या मापाशी उत्तर जुळले पाहिजे).’

शेवटच्या कंसाकडे लक्ष द्या. ज्याने ७ सेंटिमीटर लिहिले आणि ३.५ किलोमीटर काढले त्याचा पहिला भाग चुकला, दुसरा बरोबर. एकाच चुकीची शिक्षा दोनदा होत नाही, आणि शिक्षकाला उद्या काय करायचं ते लगेच कळतं. पट्टीच्या गठ्ठ्याला दहा मिनिटं शून्यापासून मोजायला बसवायचं, शून्यं हरवणाऱ्यांना मीटर-किलोमीटरचा सराव द्यायचा. पाठ पुन्हा घ्यायचा तो फक्त ‘६ किलोमीटर’वाल्यांसाठी.

मग ‘समजलं’ हे तपासायचंच नाही का?

भाचीचा हा प्रश्न अगदी योग्य होता. ५०० ने गुणायचं हे एखादं मूल पाठ करूनही करेल. गुणाकार बरोबर येईल, पण प्रमाण म्हणजे काय ते कळलेलं नसेल. म्हणजे ‘समजेल’ खोडल्यावर समजणं सुटलंच ना?

सुटू देऊ नये. समजलं असेल तर मूल जे करू शकेल आणि नुसतं पाठ असेल तर जिथे फसेल, असं काहीतरी शोधायचं. नकाशाच्या बाबतीत ते झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. तोच नकाशा निम्म्या आकारात झेरॉक्स करा. कागदावर ‘१:५०,०००’ हे आकड्यांत छापलेलं आहे तसंच राहतं, पण नकाशा आता निम्मा झाला, म्हणजे त्याचं खरं प्रमाण १:१,००,००० झालं. छापलेला आकडा आता खोटा आहे. त्याच नकाशाच्या तळाशी रेषाप्रमाण असतं, म्हणजे किलोमीटरच्या खुणा केलेली रेघ. मूळ नकाशावर १ किलोमीटरची रेघ २ सेंटिमीटर होती, झेरॉक्समध्ये तीही लहान होऊन १ सेंटिमीटर झाली. ती अजून खरं सांगते.

आता मुलाला हा लहान केलेला नकाशा द्या, ‘मूळ नकाशा निम्मा करून छापला आहे’ एवढं सांगा आणि स्टेशन ते मांडवीचं अंतर पुन्हा काढायला सांगा. पट्टी ३ सेंटिमीटर दाखवेल. पाठ केलेलं मूल ३ ला ५०० ने गुणून १.५ किलोमीटर लिहील. प्रमाण कळलेलं मूल थबकेल, कारण स्टेशन आणि मांडवी नकाशा लहान झाला म्हणून जवळ सरकत नाहीत. ते रेघेवर मोजून ३ किलोमीटर लिहील. दोघांमधला फरक एका आकड्यात दिसतो, शिक्षकाला अंदाज करावा लागत नाही.

याचं उद्दिष्ट असं उतरलं: ‘निम्म्या आकारात छापलेल्या नकाशावर अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण यांपैकी योग्य ते निवडून विद्यार्थी अंतर काढतो आणि निवडीचे कारण एका वाक्यात लिहितो.’ निकष: उत्तर २.८ ते ३.२ किलोमीटर, आणि कारणात नकाशाबरोबर रेघही लहान झाली हा मुद्दा आलेला असावा, शब्द कोणतेही चालतील. सूट दुप्पट का झाली तेही पाहा. या प्रतीवर १ मिलिमीटर म्हणजे १०० मीटर, त्यामुळे तीच २ मिलिमीटरची सूट आता २०० मीटरची होते.

हे दुसरं उद्दिष्ट पहिल्याच तासाला घेऊ नका. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला एक, फार तर दोन उद्दिष्टं तपासून होतात. टाचणात पाच लिहिली तर त्यांतल्या तीन उद्दिष्टांपुढे ‘साध्य’ हा शेरा पुन्हा अंदाजानेच पडणार. आणि झेरॉक्स काढताना दुकानदाराला नेमकं ५० टक्के सांगा आणि रेघ पट्टीने मोजून घ्या. ‘पानात बसवून द्या’ म्हटलं की वेगळाच आकडा येतो आणि तुमची उत्तरसूची चुकते.

तरीही जमत नसेल तर

दुरुस्त केलेलं वाक्यही पुन्हा फसतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: उद्दिष्ट एक मागतं आणि तपासणारा प्रश्न दुसरंच विचारतो. टाचणात ‘अंतर काढतो’ आणि चिठ्ठीवर ‘प्रमाणाचे प्रकार लिहा’. उद्दिष्टातलं क्रियापद आणि प्रश्नातलं क्रियापद शेजारी ठेवून वाचा, ते जुळत नसेल तर प्रश्न बदला. प्रश्न आधी लिहिला असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे अध्ययन निष्पत्ती. एनसीईआरटीने २०१७ मध्ये इयत्तावार निष्पत्ती काढल्यापासून ती आहे तशी रोजच्या टाचणात उतरवायची सवय लागली आहे. पण निष्पत्ती वर्षअखेरीला मूल कुठे असावं ते सांगते. एका तासात ती साध्य झाली की नाही हे ठरवता येणार नाही, कारण ती एका तासासाठी लिहिलेलीच नाही. शाळेच्या नमुन्यात निष्पत्तीचा रकाना असेल तर ती तिथे लिहा, आणि त्याखाली आजच्या तासाचं, चिठ्ठीवर तपासता येणारं वाक्य वेगळं लिहा. भाचीच्या शाळेच्या नमुन्यात उद्दिष्टाला एकच ओळ होती. तिने अट आणि निकष ‘मूल्यमापन’ या रकान्यात नेले, तिथे जागा रिकामीच असायची, आणि कोणी हरकत घेतली नाही.

सगळंच असं मोजायला जाऊ नये हेही सांगते. ‘मुलांना आपल्या गावाच्या नकाशाची गोडी लागावी’ हे तिच्या जुन्या वहीत होतं आणि ते खोडू नकोस असं मी तिला सांगितलं. ते एका तासाच्या चिठ्ठीवर येणार नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘साध्य’ किंवा ‘असाध्य’ काहीच लिहायचं नाही. ते वहीच्या पहिल्या पानावर, वर्षाच्या हेतूंमध्ये ठेवलं आहे. त्याच्याखाली ती तारीख घालून टिपून ठेवते: कोणत्या मुलाने स्वतःहून घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणला, कोणी विचारलं की विश्वामित्री नदी नकाशात एवढी वळणं का घेते.